गोल तांबड्या पेशींचा आजार: प्लीहा ठेवावी, पूर्ण काढावी की थोडी राखावी?

आनुवंशिक स्फेरोसायटोसिस असलेल्या मुलाच्या आईवडिलांना कधी ना कधी डॉक्टर विचारतात, "प्लीहा काढायची का?" प्लीहा म्हणजे डाव्या बरगड्यांखालची, प्रौढ माणसात सुमारे १५० ग्रॅम वजनाची पांथरी. या प्रश्नाला तीन उत्तरे असू शकतात: ती आहे तशी ठेवणे, पूर्ण काढणे, किंवा बहुतेक भाग काढून थोडा तुकडा राखणे. यांपैकी कोणते उत्तर आपल्या मुलाला लागू पडते हे ठरवण्याआधी प्लीहा रोज नेमके काय करते ते पाहावे लागते, कारण या आजारात ती स्वतः बिघडलेली नसते. ती आपले काम चोख करत असते आणि त्यातूनच नुकसान होत असते.

तांबडी पेशी साधारण १२० दिवस जगते, म्हणजे दररोज शरीरातील सुमारे एक टक्का तांबड्या पेशी बाद होतात. त्यांची निवड मुख्यतः प्लीहेच्या लाल गरात होते. तेथे रक्ताचा काही भाग केशवाहिनीतून थेट शिरेत न जाता मोकळ्या, जाळीदार जागेत सोडला जातो, आणि पुन्हा प्रवाहात येण्यासाठी प्रत्येक पेशीला शिरेच्या भिंतीतील, रुंदीने जेमतेम एक मायक्रॉनच्या आसपास असलेल्या फटीतून जावे लागते. पेशी स्वतः सात ते आठ मायक्रॉन रुंद असते. तरी ती जाते, कारण तिचे आवरण आतल्या ऐवजाच्या मानाने सैल असते. अर्धी भरलेली दुधाची पिशवी खिडकीच्या गजांमधून दाबून बाहेर काढता येते, तशी ती दुमडून, लांबट होऊन निसटते. वय झालेल्या पेशीचे आवरण ताठर होते आणि तिच्या पृष्ठभागावर काही खुणा उमटतात; ती फटीपाशी रेंगाळते आणि शेजारच्या भक्षक पेशी तिला गिळतात. तिच्यातील लोह अस्थिमज्जेकडे परत जाते, आणि उरलेल्या रंगद्रव्याचे बिलिरुबिन होऊन ते यकृताकडे रवाना होते.

या फटीपाशी आणखी एक नाजूक काम चालते. पेशी चांगली असेल, पण तिच्यात केंद्रकाचा उरलेला कण किंवा मलेरियाचा परजीवी असेल, तर प्लीहा तेवढाच भाग खुडून घेते आणि पेशीला पुढे जाऊ देते. केंद्रकाच्या या कणांना हॉवेल-जॉली कण म्हणतात. त्यांचा उल्लेख पुढे पुन्हा येईल.

स्फेरोसायटोसिसमध्ये स्पेक्ट्रिन, अँकिरिन किंवा बँड ३ यांसारख्या आवरणाला आधार देणाऱ्या प्रथिनांत जन्मजात दोष असतो. आवरणाचे बारीक तुकडे गळत राहतात, आवरण कमी पडते आणि पेशी चकतीऐवजी गोळा बनते. ती गच्च भरलेली पिशवी असते. वयाने तरुण असूनही ती फटीतून जाऊ शकत नाही आणि म्हातारी समजून मारली जाते. त्यामुळे पंडुरोग, डोळ्यांत पिवळेपणा, वाढलेली प्लीहा आणि बिलिरुबिनच्या अतिरेकामुळे कोवळ्या वयातच होणारे पित्तखडे हे सगळे एकाच कारणातून येते.

आता पहिला पर्याय. हिमोग्लोबिन ११ च्या वर आहे, मूल खेळते आहे, उंची वाढते आहे, केवळ डोळे अधूनमधून पिवळे दिसतात, अशा सौम्य आजारात प्लीहा ठेवावी, याबद्दल माझ्या मनात शंका नाही. फॉलिक ॲसिड, वर्षातून एकदा रक्ततपासणी आणि ठरावीक काळाने पित्ताशयाची सोनोग्राफी एवढ्यावर अनेक जण प्रौढ होतात. मात्र प्लीहा ठेवणाऱ्या कुटुंबाने एक गोष्ट ओळखायला शिकले पाहिजे. पार्वोव्हायरस बी-१९ चा संसर्ग झाला की अस्थिमज्जा आठवडा-दहा दिवस नव्या तांबड्या पेशी बनवणे थांबवते. निरोगी मुलाला ते कळतही नाही, परंतु ज्याच्या पेशी मोजकेच दिवस टिकतात त्याचे हिमोग्लोबिन काही दिवसांत ४ किंवा ५ पर्यंत उतरू शकते. ताप येऊन मूल एकाएकी पांढरेफटक पडले आणि पिवळेपणा मात्र वाढलेला नाही, तर त्याच दिवशी हिमोग्लोबिन आणि रेटिक्युलोसाइट, म्हणजे नुकत्याच तयार झालेल्या कोवळ्या तांबड्या पेशी, मोजावेत. एरवी वाढलेले रेटिक्युलोसाइट जवळजवळ शून्यावर आलेले दिसले की निदान झालेच, आणि रक्त चढवून हा काळ निभावता येतो.

दुसरा पर्याय समजून घेण्यासाठी एक उदाहरण आकड्यांसह पाहू. समजा, आठ वर्षांची मुलगी आहे. हिमोग्लोबिन ८.२, रेटिक्युलोसाइट ११ टक्के (निरोगी माणसात ते साधारण दोन टक्क्यांपर्यंत असतात), बिलिरुबिन ४ आणि तेही बहुतांश अप्रत्यक्ष, म्हणजे यकृताने अजून न हाताळलेले, प्लीहा बरगडीखाली पाच सेंटीमीटर. दोनदा रक्त चढवावे लागले आहे, जिना चढताना धाप लागते आणि गेल्या वर्षभरात उंची फारशी वाढलेली नाही. वडिलांचे पित्ताशय तिशीतच काढावे लागले होते, म्हणजे आजार बहुधा त्यांच्याकडून आला आहे. हा मध्यम ते तीव्र आजार झाला.

पूर्ण प्लीहा काढली, तर तिचे हिमोग्लोबिन साधारण तीन ते चार ग्रॅमने वाढून १२ च्या आसपास स्थिरावेल, रेटिक्युलोसाइट जवळपास सामान्य होतील, बिलिरुबिन उतरेल आणि नवे पित्तखडे होण्याचा धोका पुष्कळ कमी होईल. पेशी मात्र गोलच राहतील, कारण दोष जनुकात आहे; फक्त त्यांना अडवणारी फट उरणार नाही. मग म्हाताऱ्या पेशी कोण काढणार, हा प्रश्न आईवडील हमखास विचारतात. ते काम यकृतातील आणि अस्थिमज्जेतील भक्षक पेशी उचलतात, म्हणूनच निरोगी माणसाची प्लीहा अपघातात गेली तरी त्याच्या पेशी १२० दिवसांहून फार अधिक जगत नाहीत. कणखुडीचे काम मात्र कोणी तितके नीट करत नाही. शस्त्रक्रियेनंतर काही आठवड्यांनी रक्ताची काच सूक्ष्मदर्शकाखाली पाहिली, की गुलाबी पेशींमध्ये अधूनमधून एखादीच पेशी दिसते जिच्यात कडेला गडद जांभळा, टाचणीच्या टोकासारखा ठिपका असतो. हाच तो हॉवेल-जॉली कण. तो दिसतो म्हणजे प्लीहा खरोखर गेली आहे. काही वर्षांनी पंडुरोग परतला आणि हे ठिपके नाहीसे झाले, तर पोटात राहून गेलेली एखादी लहान उपप्लीहा वाढली आहे का ते शोधावे लागते.

या फायद्याची किंमत संसर्गाच्या रूपाने मोजावी लागते, आणि ती आयुष्यभर असते. न्यूमोकोकस, मेनिंगोकोकस आणि हिमोफिलस इन्फ्लुएन्झा बी या जिवाणूंभोवती गुळगुळीत कवच असते. त्यांना रक्तातून पकडण्यात आणि त्यांच्याविरुद्ध झटपट प्रतिपिंडे बनवण्यात प्लीहेचा वाटा मोठा असतो. १९५२ मध्ये किंग आणि शूमाकर या अमेरिकी शल्यविशारदांनी, याच आजारासाठी अगदी तान्ह्या वयात प्लीहा काढलेल्या पाच बाळांना नंतर झालेल्या गंभीर संसर्गांची नोंद प्रसिद्ध केली, आणि तेव्हापासून ही शस्त्रक्रिया शक्यतो सहा वर्षांच्या पुढे ढकलण्याची रीत पडत गेली. असा संसर्ग क्वचित होतो, पण झाला तर साध्या तापापासून काही तासांत रक्तदाब कोसळण्यापर्यंत जाऊ शकतो, आणि उपचार होऊनही दगावणाऱ्यांचे प्रमाण निम्म्याच्या जवळ नोंदले गेले आहे. म्हणून प्लीहा नसलेल्या मुलाच्या तापाला "सकाळपर्यंत पाहू" हे उत्तर नाही. डॉक्टरांनी आधीच लिहून दिलेल्या अँटिबायोटिकचा पहिला डोस घरी देऊन लगेच रुग्णालय गाठावे आणि तेथे पोचताच, "हिला प्लीहा नाही," हे पहिले वाक्य असावे.

लसी शस्त्रक्रियेच्या किमान दोन आठवडे आधी पूर्ण झालेल्या बऱ्या. न्यूमोकोकसची कॉन्जुगेट लस सरकारी लसीकरणात देशभर २०२१ मध्ये पोचली, त्यामुळे त्याआधी जन्मलेल्या बऱ्याच मुलांना ती मिळालेली नसते. लसीकरणाचे कार्ड काढून पाहावेच. मेनिंगोकोकसची लस त्या नियमित वेळापत्रकात नाही, ती वेगळी मागून घ्यावी लागते. यांखेरीज तोंडाने पेनिसिलिन शस्त्रक्रियेनंतर निदान काही वर्षे रोज घ्यायचे असते, आणि ते किती काळ घ्यायचे हे मुलाचे वय पाहून डॉक्टर ठरवतात. गडचिरोलीसारख्या मलेरियाच्या भागात राहणाऱ्यांनी मच्छरदाणी आणि तापातील रक्ततपासणी यांबाबत अधिक कडक राहावे, कारण परजीवी असलेल्या पेशी गाळणारी चाळणीच गेलेली असते. कुत्रा चावल्यावरही केवळ रेबीजच्या लसीवर न थांबता अँटिबायोटिकबद्दल विचारावे. कुत्र्याच्या लाळेतील कॅप्नोसायटोफागा हा जिवाणू अशा रुग्णांत जीवघेणा ठरू शकतो. शस्त्रक्रियेनंतर प्लेटलेट वाढतात आणि यकृताकडे जाणाऱ्या पोर्टल शिरेत गुठळी होऊ शकते, त्यामुळे पहिल्या काही आठवड्यांत पोट सतत दुखत राहिले तर सोनोग्राफी टाळू नये.

तिसरा पर्याय म्हणजे प्लीहेचा ८० ते ९० टक्के भाग काढून रक्तपुरवठा शाबूत असलेला तुकडा ठेवणे. हेतू असा, की पेशींची कत्तल घटावी, पण जिवाणूंवरचा पहारा थोडा तरी उरावा. आपल्या उदाहरणातील मुलीचे हिमोग्लोबिन यात साधारण दोन ग्रॅमने, म्हणजे दहाच्या आसपास वाढेल. रक्त चढवण्याची गरज बहुधा संपेल, परंतु पेशींचा नाश चालूच राहिल्यामुळे पित्तखड्यांची शक्यता टिकून राहील. उरलेला तुकडा काही वर्षांत पुन्हा वाढतो आणि काही मुलांना दुसरी, पूर्ण शस्त्रक्रिया करावी लागते. संरक्षण उरते याला रक्ताच्या काचेतून आणि स्कॅनमधून आधार मिळतो, तरी अशा मुलांनाही लसी आणि तापाचे नियम तंतोतंत तेच असतात. माझ्या मते या पर्यायाचे खरे स्थान सहा वर्षांखालील, वारंवार रक्त लागणाऱ्या मुलात आहे, जेथे थांबणे शक्य नाही आणि पूर्ण प्लीहा काढणे फार लवकर होते. त्यासाठी ही शस्त्रक्रिया नियमित करणारा बालशल्यविशारदही हवा, कारण यात रक्तस्रावाचा धोका पूर्ण शस्त्रक्रियेपेक्षा अधिक असतो.

कोणताही निर्णय घेण्याआधी निदानाची खात्री करून घ्यावी. केवळ काचेवर गोल पेशी दिसल्या एवढे पुरेसे नाही; स्वतःच्याच प्रतिपिंडांमुळे होणाऱ्या आजारातही त्या दिसतात, म्हणून कूम्ब्ज चाचणी निगेटिव्ह असायला हवी आणि शक्य असेल तेथे पेशींच्या आवरणातील दोष दाखवणारी ईएमए ही फ्लो सायटोमेट्रीची चाचणी करावी. आनुवंशिक स्टोमॅटोसायटोसिस हा याच्याशी गल्लत होणारा आजार आहे. त्यात प्लीहा काढल्यास फायदा थोडा आणि शिरांमध्ये गंभीर गुठळ्या होण्याचा धोका मोठा, त्यामुळे तेथे ही शस्त्रक्रिया टाळतात.

उदाहरणातील मुलीचे निदान पक्के झाले, तर मी तिच्यासाठी दुर्बिणीतून पूर्ण प्लीहा काढण्याचा पर्याय निवडेन: वय आठ आहे, वाढ खुंटली आहे आणि हिमोग्लोबिन दहापेक्षा बारा असण्याचा फरक तिला शाळेच्या जिन्यावर रोज जाणवणार आहे. त्याआधी सोनोग्राफीत पित्तखडे त्रासदायक असल्याचे आढळले तर पित्ताशय त्याच वेळी काढावे, खडे नसतील तर त्याला हात लावू नये. मात्र घरापासून रुग्णालय चार तासांवर असेल आणि रात्री तेथे जायला वाहन मिळत नसेल, तर हाच सल्ला देण्याआधी मी त्या आईवडिलांशी तापाच्या रात्रीची संपूर्ण योजना, गाडी कोणाची आणि औषध घरात कुठे ठेवणार इथपर्यंत, आधी ठरवून घेईन. ती योजना बसत नसेल, तर मुलीची तब्येत जेवढे थांबू देईल तेवढे थांबेन.