घरगुती समारंभाची फिल्म आणि मोबाइलवरील व्हिडिओ ॲप : वर्षभराच्या वापरानंतरचा अनुभव

व्हिडिओ संपादनाच्या ज्या ॲपची मी वर्षभराची वर्गणी भरली होती, तिच्या नूतनीकरणाची सूचना गेल्या आठवड्यात आली आणि मी ती वर्गणी रद्द केली. साचे, फिल्टर, अक्षरांच्या झळाळत्या पाट्या या सगळ्यांत ते ॲप चांगलेच आहे. परंतु घरच्या समारंभाच्या फिल्ममध्ये जी गोष्ट सर्वांत महत्त्वाची असते, म्हणजे बोललेल्या शब्दांचा आवाज चित्राशी जुळलेला राहणे, तेथेच ते ॲप मला पुन्हापुन्हा अडवत राहिले. म्हणून हा अनुभव मुख्यतः आवाजाविषयीच आहे.

उदाहरण भाच्याच्या मुंजीचे घेते. मुंज इंदुरात, रामबागेतल्या एका सभागृहात झाली. चित्रीकरण माझ्या सहा जीबी रॅमच्या मध्यम किमतीच्या फोनवर होते. त्याशिवाय ग्वाल्हेरच्या काकांनी आणि बडोद्याच्या वहिनींनी आपापल्या फोनवर टिपलेले तुकडे होते. पाच मिनिटांची फिल्म करायची होती. पहिली आवृत्ती साच्यात टाकून झटपट तयार झाली, तिच्यावर सनईचे संगीत होते, आणि मला ती आवडलीही होती. काकांनी मात्र ती पाहून एकच वाक्य म्हटले, "अगं, मुलाचा आणि गुरुजींचा आवाज कुठे आहे?" प्रश्न रास्त होता. मंगलाष्टके ऐकू येत नसतील, तर ती फिल्म कोणत्याही मुंजीची असू शकते.

तेव्हापासून मी आवाजाकडे लक्ष देऊ लागले, आणि पहिली अडचण ॲपमध्ये नसून चित्रीकरणातच असल्याचे दिसले. फोनचा माइक आवाजाची पातळी स्वतःच कमीजास्त करतो. गुरुजी हळू म्हणत असताना तो पातळी चढवतो आणि "सावधान" म्हणताच वाजंत्री सुरू झाली की आवाज फाटतो. ॲपमधली आवाजाची रेघ मोठी करून पाहिली, तर फाटलेल्या जागी तिची टोके वरून व खालून सपाट कापल्यासारखी दिसतात. असा तुकडा नंतर कितीही हळू केला तरी खरखर जात नाही, कारण तेथील मूळ आवाज नोंदलाच गेलेला नसतो. सुदैवाने वहिनींचा फोन गुरुजींच्या जवळच्या चौरंगावर, वाजंत्रीपासून दूर, सलग चालू राहिला होता आणि त्यातला आवाज स्वच्छ होता. आता मी प्रत्येक समारंभात एक फोन याच कामासाठी ठेवते. तो विमान मोडवर असतो, म्हणजे मध्येच कोणाचा फोन येऊन चित्रीकरण तुटत नाही.

यापुढे माझी पद्धत बदलली. आरंभी मी वहिनींच्या तुकड्यातून आवाज वेगळा काढून खालच्या पट्टीवर ठेवत असे आणि मुख्य पट्टीवर वेगवेगळी चित्रे जोडत असे. बहुतेक ॲपमध्ये मुख्य पट्टीवरचा एखादा तुकडा काढला की पुढचे सगळे तुकडे मागे सरकतात. आवाज मात्र सलग असल्यामुळे जागचा हलत नाही, आणि चार सेकंदांचे एक चित्र काढल्याबरोबर पुढची संपूर्ण फिल्म चार सेकंदांनी चुकते. उलट केले तर हा त्रास उरत नाही. वहिनींचे सलग चित्रीकरण आवाजासह मुख्य पट्टीवर ठेवावे, मंगलाष्टके संपेपर्यंत ते मध्ये कोठेही कापू नये, आणि आईचा चेहरा, अक्षता टाकणारे हात, बटूचे डोळे ही बाकीची चित्रे वरच्या थरात, पूर्ण पडदा व्यापतील अशी, आवाज बंद करून ठेवावीत. वरचा थर काढला तर खालचे चित्र दिसते, इतकेच. आवाज कधीच हलत नाही. असे थर काइनमास्टर, व्हीएन आणि इनशॉट या तिन्हींत करता येतात. वरचे थर एकावर एक येऊ दिले नाहीत, तर एका वेळी दोनच व्हिडिओ चालतात, आणि तेवढे ओझे मध्यम फोन पेलतो.

वरचे चित्र आवाजाशी जुळवताना काही गोष्टी लक्षात आल्या. अक्षता टाकणाऱ्या हातांसारखे चित्र असेल, म्हणजे कोणी बोलताना दिसत नसेल, तर जुळवण्याची गरजच नसते. ओठ दिसत असतील तर मात्र "सावधान" हा शब्द किंवा ताशाचा एखादा ठोका दोन्ही तुकड्यांत शोधावा, पट्टी शक्य तितकी मोठी करून पाहावी आणि आवाजाच्या रेघेतली त्याची दोन्ही टोके समोरासमोर आणावीत. तीस फ्रेमच्या चित्रीकरणात एक फ्रेम म्हणजे सुमारे ३३ मिलिसेकंद. काकांचा फोन सभागृहाच्या मागच्या टोकाला, जवळपास २० मीटरवर होता. ध्वनी सेकंदाला सुमारे ३४० मीटर जातो, त्यामुळे तेवढे अंतर कापायला त्याला जवळजवळ दोन फ्रेम लागतात. म्हणून केवळ आवाजावरून जुळवले, तर काकांचे चित्र तेवढे आधी येते, आणि ते दोन फ्रेम उजवीकडे सरकवावे लागते. शेवटचा निर्णय ओठ पाहूनच करावा. हे काम ब्लूटूथ इअरफोन लावून करू नये, कारण त्यात आवाज उशिरा पोहोचतो आणि बरोबर जुळलेलेही चुकलेले वाटते. तारेचे साधे इअरफोन पुरेत.

वर्गणीच्या ॲपने मला येथेच दगा दिला. सगळे जुळवून झाल्यावर मी आरंभी बटूच्या नावाची पाच सेकंदांची पाटी घातली. मुख्य पट्टी पाच सेकंद पुढे गेली, वरचे थर मात्र जागच्या जागी राहिले. संपूर्ण संध्याकाळचे काम विस्कटले. मदतकेंद्राला लिहिले तर "ॲप अद्ययावत करा" एवढेच उत्तर आले. तपशील आणि पडद्याची चित्रे पाठवली, तरी तेच उत्तर परत आले. पैसे घेऊन असे वागणे मला मुळीच मान्य नाही. थर ज्या तुकड्यावर ठेवला त्याच्याशीच बांधलेला राहिला पाहिजे, ही अपेक्षा काही मोठी नाही.

म्हणून कोणतेही नवे ॲप घेतले की मी आधी एक छोटी चाचणी करते. एक तुकडा मुख्य पट्टीवर, त्यावर दुसरा थर, आणि मग आरंभी एक पाटी. थर सोबत सरकला तरच पुढचे काम. ही चाचणी वर्गणी भरण्यापूर्वी, मोफत आवृत्तीतच करता येते. काइनमास्टरच्या मोफत आवृत्तीत फिल्मवर त्यांची खूण उमटते, व्हीएनमध्ये ती नसते, आणि घरच्या फिल्मसाठी मला हा फरक निर्णायक वाटतो.

संगीत मी आता फक्त सुरुवातीला, मातृभोजनाच्या भागात आणि शेवटी भिक्षावळीला घालते. बोलणे चालू असेल तेथे त्याची पातळी साधारण १५ ते २० टक्क्यांवर ठेवते. मंगलाष्टकांखाली संगीत मुळीच नाही.

तयार फिल्म 1080p मध्ये, तीस फ्रेमने काढली. दर सेकंदाला १० मेगाबिट या हिशेबाने पाच मिनिटांची फिल्म सुमारे ३७५ एमबी होते. व्हॉट्सॲपवर ती नेहमीच्या व्हिडिओसारखी पाठवली तर दाबली जाऊन चित्र धूसर होते, म्हणून ती दस्तऐवज म्हणून पाठवावी. तेथे २ जीबीपर्यंतची फाइल मूळ स्वरूपात जाते. नातेवाइकांकडून तुकडे मागवतानाही हेच सांगावे. वर्गणी रद्द करताना एक ध्यानात ठेवावे : फोनमधून ॲप काढून टाकल्याने वर्गणी थांबत नाही, प्ले स्टोअरमधील सदस्यत्वांच्या यादीत जाऊन ती वेगळी रद्द करावी लागते.