श्रम योगी मानधन: वीस महिने हप्ते भरल्यानंतर

मी घरी शिलाई करते. ब्लाउज, फॉल-पिको आणि जूनच्या आधी शाळेचे गणवेश. पीएफ नाही, ईएसआय नाही. वीस महिन्यांपूर्वी जवळच्या सेवा केंद्रात प्रधानमंत्री श्रम योगी मानधन योजनेत नाव नोंदवलं. सरकारने २०१९ साली सुरू केलेली ही पेन्शन योजना महिना पंधरा हजारांपर्यंत कमावणाऱ्या असंघटित कामगारांसाठी आहे. वय १८ ते ४० लागतं. आमच्या यांना एकेचाळीस पूर्ण झाली होती, म्हणून त्यांचं नाव घेतलंच नाही. तुमच्या घरी कुणी चाळिशीच्या जवळ असेल तर आधी त्यांचं वय बघा.

नोंदणी अर्ध्या तासात झाली. आधार कार्ड, पासबुक आणि पहिला हप्ता रोख. पुढचे हप्ते खात्यातून आपोआप कापून घ्यावेत म्हणून एका छापील फॉर्मवर सही दिली आणि पेन्शन खात्याचा क्रमांक असलेलं कार्ड मिळालं. हप्ता नोंदणीच्या वेळच्या वयावर ठरतो: अठराव्या वर्षी ५५ रुपये, चाळिसाव्या वर्षी २००. माझं वय ३४, म्हणून १४०. तितकेच १४० सरकार भरतं.

सातव्या महिन्यात मात्र घोळ झाला. गणवेशाचे पैसे थकले होते आणि खात्यात शंभर रुपयेही उरले नव्हते. हप्ता कापायला आला आणि परत गेला. बँकेचा मेसेज आला होता, पण इंग्रजीत. मी तो जाहिरातीचा समजून सोडून दिला. पुढच्या महिन्यातही तेच झालं. पासबुक भरून आणलं तेव्हा कळलं की दोन हप्ते गेलेच नाहीत, उलट हप्ता परत गेल्याचं शुल्क दोन्ही वेळा कापलं गेलंय, आणि ते हप्त्यापेक्षा जास्त होतं. शंभर-दीडशे रुपयांसाठी एवढं शुल्क ही गोष्ट मला अजूनही खुपते. आणि आपला हप्ता गेला नाही की त्याच्या जोडीचा सरकारचा हप्ताही पडत नाही.

थकबाकी भरून खातं पुन्हा सुरू करता येतं, दंड असेल तर तोही भरावा लागतो. मी केंद्रात जाऊन भरली आणि पावती घेतली. त्या दिवसापासून या खात्यात पाचशे रुपये ठेवलेलेच असतात, त्यांना हात लावायचा नाही. दर महिन्याला पासबुकात १४० रुपयांची नोंद बघते. ती दिसली नाही तर त्याच आठवड्यात केंद्रात जायचं.

आता पैशांचा हिशोब, कारण बायका मला हाच विचारतात. साठीपर्यंत माझे २६ वर्षांचे ३१२ हप्ते होतील, म्हणजे माझ्या खिशातून ४३,६८० रुपये. साठीनंतर महिना किमान ३,००० रुपये पेन्शन, म्हणजे पंधरा महिन्यांत माझे पैसे परत. तेच १४० रुपये मी सात टक्के व्याजाने साठवले, तर २६ वर्षांनी साधारण सव्वा लाख होतील आणि त्यावर महिन्याला सातशेच्या आसपास व्याज मिळेल. मुद्दल मात्र माझं माझ्याकडे राहील. इथे ते राहत नाही. पेन्शन सुरू झाल्यावर मी गेले तर यांना निम्मी, १,५०० रुपये मिळेल. दोघंही गेल्यावर शिल्लक रक्कम योजनेच्या निधीत जाते, मुलांना काही नाही. केंद्रात मला हे कुणी सांगितलं नव्हतं.

आणि तीन हजार हे तेव्हाचे तीन हजार. महागाई वर्षाला पाच टक्के धरली तर २६ वर्षांनी त्यांची किंमत आजच्या साधारण साडेआठशे रुपयांइतकी राहील. औषधांचा खर्च कसाबसा भागेल, घर चालणार नाही. म्हणून पोस्टात वेगळी आवर्ती ठेवही सुरू केली आहे.

साठीच्या आधी मी गेले तर हे पुढचे हप्ते भरून खातं चालू ठेवू शकतात, किंवा माझा वाटा व्याजासह काढून घेऊ शकतात. मध्येच सोडायचं झालं तर पहिल्या दहा वर्षांत फक्त आपला वाटा आणि बचत खात्याएवढं व्याज मिळतं, सरकारचा वाटा मिळत नाही. त्यामुळे दोन-चार वर्षं भरून बंद करणाऱ्याला बँकेत ठेवल्यासारखंच आहे. ज्या बाईला हप्ते सलग चालवता येतील असं वाटतं, तिला मी बिनधास्त नोंदवायला सांगते. जिचं काम चार महिने बंद असतं, तिला आधी खात्यात सहा हप्त्यांएवढे पैसे साठवून मगच फॉर्म भर म्हणते. शेजारच्या काकूंच्या सुनेनं असंच केलं. ती तेवीस वर्षांची आहे, तिचा हप्ता ७२ रुपये. परवा ती पासबुक भरून आणल्यावर पहिली नोंद दाखवायला माझ्याकडे आली होती.