क्रेप पट्टी की श्रिंकर मोजा? गुडघ्याखालच्या स्टंपसाठी मी दोन्ही वापरले, म्हणून सांगतो

ज्यांचा पाय गुडघ्याखालून काढला आहे, टाके निघालेत किंवा निघायचेत, आणि डॉक्टर म्हणतात की पायाचा उरलेला भाग, म्हणजे स्टंप, बांधत राहा नाहीतर नकली पाय बसणार नाही, त्यांच्यासाठी हे लिहितोय. मेडिकलवाला विचारतो क्रेप बँडेज देऊ की श्रिंकर, आणि आपल्याला दोन्हीतला फरक कोणी नीट सांगितलेला नसतो. माझा डावा पाय भादव्यात गाडीच्या अपघातात गेला, पहिले साडेतीन महिने मी क्रेप वापरली आणि नंतर श्रिंकर. मी डॉक्टर नाही, माझ्या पायाचं जे झालं तेच सांगतो.

पहिले एक गोष्ट, टाके असेपर्यंत हा प्रश्नच येत नाही. तेव्हा क्रेपच. श्रिंकर हा घट्ट मोजा असतो, तो ओढून वर चढवताना टाक्यांवर ताण येतो आणि जखम उसवू शकते. शिवाय सुरुवातीला सूज रोज बदलते, आज जो मोजा बसला तो आठ दिवसांनी ढिला, पट्टी मात्र जशी पाहिजे तशी बांधता येते. ज्यांना शुगर आहे किंवा पायाचा रक्तपुरवठाच कमी होता म्हणून पाय काढला, त्यांनी तर दोन्हीपैकी काहीही डॉक्टरला विचारल्याशिवाय घट्ट बांधू नये.

आता क्रेपचं. गुडघ्याखाली चार इंची पट्टी लागते, मांडीतून पाय गेला असेल तर सहा इंची. पलंगाच्या काठावर बसायचं, गुडघा सरळ ठेवायचा, आणि पट्टी स्टंपच्या टोकावरून तिरपी घेत घेत इंग्रजी आठच्या आकड्यासारखी वर न्यायची. टोकाशी दाब सगळ्यात जास्त, वर जाता जाता कमी, गुडघ्याची वाटी उघडी सोडून शेवटचे वेढे मांडीवर. सरळ गोल वेढे एकही मारायचा नाही. शेवट चिकटपट्टीने लावा, पाकिटात ते लोखंडी दातांचे क्लिप येतात ना ते नको, झोपेत निघून कातडीत रुततात. ठणका लागला, मुंग्या आल्या, कातडी काळीनिळी दिसली तर लगेच सोडायची. आणि हे सगळं दर चार-पाच तासांनी, कारण क्रेप सैल होतेच.

हे वाचायला सोपं आहे. माझ्याकडे झालं असं की दवाखान्यातून घरी आल्यावर पट्टी बांधायची बायको, नर्सबाईनं तिला दोनदा शिकवलं होतं आणि तिचा हात चांगला बसला होता. दिवाळीनंतर वेचणी सुरू झाली, ती पहाटे वावरात जायची ती संध्याकाळी यायची, मग दुपारची पट्टी बांधायचं पोरगं. त्याची काही चूक नाही, बारा वर्षांचं लेकरू, त्यानं मनगटाला बांधतात तशी गोल गोल बांधली, वर घट्ट अन् खाली ढिली कारण टोकाला हात लावायला ते भ्यायचं. माझं मी बांधून पाहिलं तर वाकल्यावर स्टंपची मागची बाजू दिसत नाही, मागचे वेढे एकावर एक चढतात. आणि रात्री तर कोणीही बांधलेली असो, कूस बदलली की पट्टी खाली सरकून गुडघ्यामागे तिचा दोरखंड होऊन बसायचा. रात्री दोन वाजता जाग यायची ती त्या दोरखंडानं. सोडायची, कंदिलासारखा मोबाईल तोंडात धरून परत बांधायची, परत झोपायचं.

डिसेंबरात तालुक्याला नकली पायाचं शिबिर होतं. तिथल्या तंत्रज्ञानं माझा स्टंप हातात घेतला, टेप लावला आणि आकडे मोठ्यानं म्हटले. गुडघ्याच्या खाली 31 सेंटीमीटर, मधात 29, टोकाला 33.

"भाऊ, पट्टी कोण बांधते?"

"बायको बांधते, ती नसली की पोरगं."

"गोल गोल बांधते काय?"

मी हो म्हटलं. त्यानं माझंच बोट धरून मधल्या खाचेवरून फिरवलं, मग खाली टोकाच्या फुगाऱ्यावर. म्हणे वरून आवळलं की पाणी खाली उतरते अन् तिथंच अडकते, असा डंबेलसारखा स्टंप नकली पायाच्या वरच्या पोकळ भागात, म्हणजे सॉकेटमधे, जात नाही, टोक आत घालायला सॉकेट रुंद केलं तर मधात पोकळ राहील आणि चालताना सगळा भार टोकावर येऊन कातडी फाटेल. सॉकेटचं माप घेतलंच नाही. सहा आठवड्यांनी या म्हणे. त्या दिवशी एसटीत मला फार वाईट वाटलं, कारण जखम तर केव्हाच भरली होती, पाय अडला होता तो फक्त बांधण्यापायी.

त्याच आठवड्यात श्रिंकर घेतला. महाग पडला, तेवढ्या पैशात पाच-सहा क्रेप आल्या असत्या हे खरं. तो मापाने घ्यावा लागतो, स्टंपचा घेर मोजून नंबर ठरतो, अंदाजानं आणू नका. घालायची पद्धत अशी की मोजा अर्ध्यापर्यंत उलटा करायचा, तळ स्टंपच्या टोकाला अगदी चिपकवायचा आणि मग वर उलगडत न्यायचा. टोकाशी हवेची पोकळी राहिली तर त्या पोकळीतच सूज भरते, तेव्हा हात फिरवून पाहायचं. शिवण टाक्यांच्या व्रणावर येऊ द्यायची नाही. वरची काठ दुमडायची नाही, दुमडली की तीच दोरीसारखी आवळते. बस एवढंच, यात हात कोणाचा आहे हे महत्त्वाचं राहत नाही, दाब मोज्याच्या विणीतच असतो, टोकाला जास्त अन् वर कमी. पोरानं घालून दिला काय अन् मी घातला काय, सारखाच. पहिल्या रात्री सरळ सकाळपर्यंत झोपलो, अपघातानंतर पहिल्यांदा.

त्याचाही त्रास आहे, लपवत नाही. मांडीवरून तो कधी कधी गुंडाळत खाली येतो. दोन नग लागतात, एक धुवायचा एक घालायचा, कारण आंघोळीचा वेळ सोडला तर दिवसरात्र अंगावर पाहिजे. महिनाभरात माझा ढिला झाला, तेव्हा शेजारच्यानं सुचवलं की शिंप्याकडून एक टीप मारून घे. मारू नका, ती शिलाई कातडीत रुतते, लहान नंबरच घ्यावा लागतो. आणि उन्हाळा. मी थंडीत वापरला म्हणून निभलं, पण आमच्या गावच्या एका काकांचा पाय मे महिन्यात काढला, त्यांना त्या मोज्यात घामोळ्या आल्या, ते परत सुती क्रेपवर गेले आणि त्यांची सून इतकी छान पट्टी बांधते की त्यांना मोज्याची गरजच पडली नाही. म्हणून घरात बांधणारा एक पक्का हात असेल तर मी क्रेपला नाही म्हणणार नाही. दोन्ही धुताना साधा साबण, पिळायचं नाही, सावलीत सपाट पसरून वाळवायचं, दोरीवर लटकवलं की ताण मरतो.

क्रेपचा एक गुण मात्र मला मोज्यावर गेल्यावर कळला. पट्टी दिवसातून चार-पाच वेळा सोडावी लागते, म्हणजे तेवढ्या वेळा स्टंप दिसतो आणि हात लागतो. सुरुवातीला माझ्या स्टंपला चादर घासली तरी झिणझिण्या यायच्या, ती कातडी तशीच ठेवली असती तर सॉकेटचा स्पर्शही सहन झाला नसता. मोजा एकदा घातला की विसरायला होतं, म्हणून वेळ ठरवून काढायचा. मी दिवसातून तीनदा पाच-पाच मिनिटं करायचो. आधी नुसत्या कापसानं फिरवायचं, घरात कापसाला काय तोटा. मग जुन्या लुगड्याचा तुकडा, मग टॉवेल, शेवटी खरखरीत बारदाना. एक गोष्ट सहन होईपर्यंत पुढचीकडे जायचं नाही, मला बारदान्यापर्यंत यायला महिना लागला. मधे मधे बोटांच्या टोकांनी हलकं थापटायचं, व्रण पूर्ण भरल्यावर त्यावर अंगठा दाबून लहान लहान गोल फिरवायचा म्हणजे कातडी खालच्या हाडाला चिकटत नाही. नंतर उशीवर स्टंपचं टोक टेकवून थोडा थोडा भार द्यायचा, नकली पायात स्टंपवर भार येणारच असतो. नसलेल्या पायाची बोटं खाजायची त्यालाही या चोळण्यानं मला उतार पडला.

त्याच वेळी हातआरसा खाली धरून मागची बाजू पाहायची, फोड, लाली, ओल काही आहे का. लाली असली आणि दहा-वीस मिनिटांत जात नसली तर दाखवून यायचं. स्टंप धुवायचा रात्री, कोमट पाणी अन् साबण, मग पूर्ण कोरडं. सकाळी धुतला तर कातडी ओलसर राहते आणि मोज्यात घासली जाते. आणि दोन्हीपैकी काहीही वापरा, गुडघ्याखाली उशी घेऊन झोपू नका, बरं वाटतं म्हणून घेतो आपण आणि गुडघा वाकलेलाच आखडतो, मग स्टंप कितीही चांगल्या आकाराचा असो, उभं राहता येत नाही.

मी शिंप्याच्या टेपनं दर रविवारी मोजायचो, त्याच जागी, पेनानं तीन खुणा करून ठेवल्या होत्या. टोकाचे 33 चे आधी 31 झाले, मग 30, मग 29.5 वर दोन रविवार थांबले, मधली खाच भरून 30 झाली. जानेवारीच्या शेवटी त्याच तंत्रज्ञाकडे गेलो, त्यानं टेप लावला, काही बोलला नाही, प्लास्टरची बादली जवळ ओढली आणि माप घेतलं.

पाय मिळून आता वर्ष झालं, तरी श्रिंकर सुटलेला नाही. रात्री पाय काढला की तो घालतोच. मागच्या पोळ्याला पाहुण्यांच्या गडबडीत एक रात्र राहून गेला, तर सकाळी सॉकेटमधे स्टंप दोन बोटं वरच अडकला, मोजा घालून तासभर पाय लांब करून बसलो तेव्हा आत गेला.