बारा नंबरची रॉड, आठ नंबरची रॉड आणि दोन वेल्डिंग मशीन : आठ महिन्यांनंतर

इंदूरला सांवेर रोडच्या बाजूला आमचं ग्रिल-गेटचं छोटं वर्कशॉप आहे. दादा जोडकाम बघतो. मी इलेक्ट्रॉनिक्सचा डिप्लोमा केलेला, त्यामुळे मशीन उघडून बघायचं काम आपोआप माझ्याकडे आलं. आमच्याकडे तीन वर्षांपासून एक मॉसफेटचं इन्व्हर्टर वेल्डिंग मशीन होतं आणि गेल्या नोव्हेंबरात त्याच ताकदीचं आयजीबीटीचं घेतलं. दोन्ही सिंगल फेजवर चालतात, दोन्हींवर २०० अँपिअर छापलेलं आहे. आठ महिने दोन्ही शेजारी-शेजारी चालवली, म्हणून हे लिहितोय. कंपन्यांची नावं देत नाही, कारण फरक कंपनीचा नाही, आतल्या इलेक्ट्रॉनिक स्विचचा आहे : जुन्यात मॉसफेट जातीचा, नव्यात आयजीबीटी जातीचा.

दुकानात एकच वाक्य ऐकू येतं, "आयजीबीटी घ्या, मॉसफेट जुनं झालं." पहिले चार महिने मला हे खरं वाटेना. आमचं निम्मं काम एक-दीड इंची चौकोनी पाइपचं, बारा नंबरच्या म्हणजे अडीच मिलिमीटरच्या रॉडवर, ७०-७५ अँपिअरला. त्या कामात दोन्ही मशीन अगदी सारखी वाटली. उलट जुनं मशीन हलकं, शिडीवर खांद्याला लावून चढायला सोपं. फरक दिसला तो एप्रिल-मे महिन्यात, एका गोदामाच्या जाड चॅनेलचं काम आलं तेव्हा. आठ नंबरची, चार मिलिमीटरची रॉड, १६० अँपिअर आणि पत्र्याच्या शेडखाली दुपारचा उकाडा. मॉसफेटचं मशीन तिसऱ्या-चौथ्या रॉडला ओव्हरहीटचा पिवळा दिवा लावून थांबायचं. आयजीबीटीचं चालत राहायचं. दादा म्हणाला, "अरे, दोन्हींवर दोनशेच लिहिलंय ना? मग हे का थांबतं?"

त्याला उत्तर द्यायला दोन्ही मशीन उघडली. मॉसफेटच्या मशीनमध्ये फुल ब्रिजच्या चार जागा आणि प्रत्येक जागी चार मॉसफेट समांतर, असे एकूण सोळा. आयआरएफपी ४६० च्या जातीचे, ५०० व्होल्ट, २० अँपिअर, चालू असताना रोध ०.२७ ओहम. आयजीबीटीच्या मशीनमध्ये चार जागांवर एकेकच, ६०० व्होल्ट ६० अँपिअरचा. ट्रान्सफॉर्मर दोन्हीकडे साधारण पाचास एक. म्हणजे रॉडला १६० अँपिअर जात असतील तेव्हा स्विचमधून ३२ अँपिअर जातात, आणि प्रत्येक स्विच सुमारे २३ टक्के वेळच चालू असतो.

आता मुख्य मुद्दा. मॉसफेट चालू असताना रोधासारखा वागतो. आयजीबीटी चालू असताना त्याच्यावर दीड-पावणेदोन व्होल्ट पडतात, आणि करंट वाढला तरी हा आकडा फार हलत नाही. म्हणून कंडक्शन लॉसचे, म्हणजे स्विच चालू असताना उष्णतेत जाणाऱ्या विजेचे, हिशेब वेगळे होतात :

```
मॉसफेट :   P = I² × R × D
आयजीबीटी : P = V × I × D
```

P म्हणजे तोटा, I करंट, R रोध, V स्विचवर पडणारा व्होल्टेज आणि D म्हणजे चालू असण्याचा वाटा. मॉसफेटच्या सूत्रात करंटचा वर्ग आहे. त्यात भर म्हणजे मॉसफेट तापला की त्याचा रोध वाढतो, १२० डिग्रीच्या आसपास जवळजवळ दुप्पट होतो. चार समांतर धरून गरम असताना एका जागेचा रोध ०.१३५ ओहम धरला, तर ३२ × ३२ × ०.१३५ × ०.२३, म्हणजे सुमारे ३२ वॅट. चार जागांचे सव्वाशेच्या आसपास. आयजीबीटीत १.८ व्होल्ट धरून १.८ × ३२ × ०.२३, म्हणजे १३ वॅट. चार जागांचे ५३.

आणि ७५ अँपिअरला? स्विचमधून १५ अँपिअर, चालू वेळ २० टक्के, मॉसफेट कमी तापलेले म्हणून रोध ०.११. एका जागेला ५ वॅट, एकूण २०. आयजीबीटीत १.४ व्होल्ट धरून एकूण १७. म्हणजे जवळजवळ बरोबरी. करंट दुपटीच्या थोडा वर गेला तर मॉसफेटचा तोटा सहापट झाला, आयजीबीटीचा तिप्पट. आमचे पहिले चार महिने आणि मे महिना यांतला सगळा फरक इथे आहे. रॉडचा करंट ५०-५५ अँपिअरच्याही खाली नेला तर कंडक्शनमध्ये मॉसफेटच स्वस्त पडतो, कारण आयजीबीटीचा एक-सव्वा व्होल्ट कितीही कमी करंटला जात नाही.

मग आयजीबीटी कुठे मार खातो? बंद होताना. त्याच्या आत चालू असताना साठलेले वाहक असतात, त्यांच्यामुळेच तर त्याच्यावर इतका कमी व्होल्टेज पडतो. स्विचच्या गेटला मिळणारा चालू राहण्याचा इशारा बंद केला तरी हे वाहक लगेच नाहीसे होत नाहीत. स्विचवर पूर्ण ३१० व्होल्ट आलेले असतात आणि आतून थोडा करंट शेपटीसारखा वाहत राहतो. स्कोपवर ही शेपटी स्पष्ट दिसते, आणि आयजीबीटी गरम झाला की लांबते. माझ्या हिशेबाने ३२ अँपिअरला दर वेळी सुमारे ०.४ मिलिज्यूल जातात. मॉसफेटला शेपटी नाही, तिथे ०.१५ धरले. हे अंदाज आहेत, स्कोपवरचे व्होल्टेज-करंट बघून काढलेले.

पण स्विचिंग लॉस ठरतो तो सेकंदाला किती वेळा स्विच बंद-चालू होतो यावर. मॉसफेटचं मशीन १०० किलोहर्ट्झवर चालतं, म्हणून ०.१५ मिलिज्यूलचे एका जागेला १५ वॅट झाले. आयजीबीटीचं ३५ किलोहर्ट्झवर, म्हणून ०.४ चे १४ वॅट. बनवणाऱ्याने फ्रिक्वेन्सी उतरवून हा तोटा मॉसफेटच्या बरोबरीला आणलाय. त्याची किंमत ट्रान्सफॉर्मरमध्ये मोजली आहे, फ्रिक्वेन्सी कमी म्हणजे कोअर मोठा. नवं मशीन जड का, ते असं कळलं.

दोन्ही तोटे मिळून १६० अँपिअरला मॉसफेट १८५ वॅट, आयजीबीटी ११० च्या आसपास. विजेच्या बिलात हा फरक दिसणार नाही. पाच किलोवॅट घेणाऱ्या मशीनमध्ये ७५ वॅट म्हणजे काहीच नाही, आणि आउटपुटचे डायोड दोन्हीकडे त्याहून जास्त उष्णता सोडतात. फरक दिसतो तो पिवळ्या दिव्यात. हीटसिंकवर थर्मोकपल लावून झाकण बसवून मोजलं. बाहेर ४० डिग्री असताना सहा मिनिटांनी ७५ अँपिअरला दोन्ही बावन्नच्या आसपास होते. १६० ला मॉसफेटचं ८५ वर जाऊन थांबलं, आयजीबीटीचं ६८ वर राहिलं.

मोजणाऱ्यांसाठी एक गोष्ट अगदी मनापासून सांगतो. अशा बऱ्याच मशीनमध्ये हीटसिंकच जिवंत असतं, मॉसफेटचा ड्रेन थेट त्याला लागलेला असतो. थर्मोकपलखाली कॅप्टॉन टेप लावा, मशीन चालू असताना मीटरला हात लावू नका, आणि प्लग काढल्यावरही मोठे कपॅसिटर रिकामे केल्याशिवाय आत बोट घालू नका. लेझरचं थर्मामीटर चकचकीत ॲल्युमिनियमवर तापमान खूपच कमी दाखवतं. काळी टेप चिकटवून तिच्यावर नेम धरलात तरच त्याचा आकडा कामाचा.

आता ज्या प्रसंगामुळे हे सगळं लिहावंसं वाटलं, तो. जूनमध्ये आमच्या ओळखीच्या एका वेल्डरने त्याचं मॉसफेटचं मशीन दुरुस्तीला दिलं होतं. आमच्या मशीनसारखंच. दुरुस्त करणाऱ्याने सोळा मॉसफेट काढून त्याच सर्किटच्या पाट्यावर चार आयजीबीटी लावले आणि "अपग्रेड केलं" म्हणून दिलं. पातळ पाइपवर दोन आठवडे छान चाललं. मग आठ नंबरची रॉड लावली आणि दुसऱ्या रॉडला आतून फटाका. ते मशीन माझ्याकडे आलं.

फ्रिक्वेन्सी तशीच १०० किलोहर्ट्झ होती. हिशेब करून बघा. ०.४ मिलिज्यूल गुणिले एक लाख, म्हणजे एका आयजीबीटीत फक्त स्विचिंगचे ४० वॅट, वर कंडक्शनचे १३. एकूण ५३ वॅट एकाच डब्यातून बाहेर काढायचे. आधी प्रत्येक जागी तेच काम चार मॉसफेट वाटून घेत होते, एकेकाला जेमतेम १२ वॅट. चिपपासून हीटसिंकपर्यंत वॅटमागे ०.८ डिग्री धरली, तर आयजीबीटीची चिप हीटसिंकपेक्षा ४०-४५ डिग्री वर. हीटसिंक ऐंशीला असेल तर चिप सव्वाशेला. तिथे शेपटी लांबते, तोटा वाढतो, चिप आणखी तापते. शिवाय मूळ पाट्यावर एक स्विच बंद होऊन समोरचा चालू होईपर्यंतचा डेड टाइम मॉसफेटच्या चपळाईला धरून ठेवलेला. लांबलेल्या शेपटीला तो पुरला नाही की एकाच बाजूचे वरचा आणि खालचा स्विच क्षणभर एकत्र चालू होतात आणि ३१० व्होल्टचा सरळ शॉर्ट. वेल्डरने पैसे दिले होते, काम अडलं होतं आणि चूक त्याची नव्हती. मला त्याचं फार वाईट वाटलं. मी पुन्हा सोळा मॉसफेट लावून दिले.

ते लावतानाही काळजी लागते. समांतर चारांपैकी एक शॉर्ट झाला की मीटरवर चारही शॉर्ट दिसतात, म्हणून काढूनच तपासावे लागतात. तरी मी एका जागेचे चारही बदलतो, एकाच लॉटचे घेतो आणि प्रत्येकाचा गेट रेझिस्टर मोजतो. फुटलेल्या मॉसफेटने तो बहुधा जाळलेला असतो. तो तसाच ठेवला तर नवा मॉसफेट उशिरा चालू-बंद होतो आणि शेजाऱ्यांवर भार पडतो. पहिल्यांदा चालू करताना प्लगच्या वायरीत सिरीजमध्ये शंभर वॅटचा बल्ब लावतो. बल्ब पेटून मंद झाला तर ठीक, पेटलेलाच राहिला तर अजून कुठेतरी शॉर्ट आहे.

व्होल्टेज पडण्याचा त्रासही इथेच जोडून सांगतो. साइटवर लांब वायर असेल तर मशीनपर्यंत १९० व्होल्टच पोहोचतात. रॉडचा करंट तोच ठेवायला स्विच जास्त वेळ चालू राहतो, २३ ऐवजी २७ टक्के. दोन्हींचा कंडक्शन लॉस त्याच प्रमाणात वाढतो, पण ज्याचा आधीच सव्वाशे आहे त्याला तो जड जातो. आम्ही आता चार चौरस मिलिमीटरची वायर वापरतो आणि पिवळा दिवा कमी वेळा लागतो.

सध्या गेट आणि चॅनेलला आयजीबीटी, शिडीवरच्या आणि पातळ पाइपच्या कामाला मॉसफेट, अशी वाटणी आहे. अनंत चतुर्दशीच्या झांकीचे सांगाडे आमच्याकडे येतात. ते रात्रभर चालणारं काम, पण सगळं पाऊण इंची पाइपचं, ६० अँपिअरच्या आत. दादाने त्यासाठी आजच जुनं मशीन पुसून वेगळं काढून ठेवलंय.