शिट्टी मारणारा नळ, नवा जम्पर आणि एक उन्हाळा-पावसाळा वापर

आधी निकाल सांगून टाकतो. खालच्या बाथरूमच्या नळात पितळेचा नवा जम्पर, म्हणजे वायसर धरणारी दांड्याची चकती, तिचा नट आणि नवा रबरी वायसर बसवला त्याला उन्हाळा गेला, पावसाळा गेला, आता रात्री पंखा बंद करायचे दिवस आलेत आणि शिट्टी परत आलेली नाही. अगदी थोडा उघडला की बारीक सूंऽऽ येतं, ते राहणारच, का ते पुढे लिहितो. त्याआधी नुसता वायसर बदलला होता तेव्हा मात्र महिनाभरातच जुनं गाणं सुरू झालं होतं. म्हणून हे सगळं सविस्तर लिहितोय, कारण दुकानात गेलं की वायसर हातात देतात आणि प्लंबरला बोलावलं की तो सरळ म्हणतो, "पूरा नल बदल दो साब."

घर इंदूरचं, तळमजला आणि वर दोन मजले, टाकी गच्चीवर. नर्मदेचं पाणी एक दिवसाआड येतं ते हौदात पडतं, तिथून मोटरनं वर, आणि घरातले सगळे नळ टाकीवरून. बाथरूमचे नळ जुन्या पद्धतीचे, पितळी, अर्ध्या इंचाचे, चार-पाच फिरक्या द्याव्या लागतात तसे. तळमजल्याचा आणि सगळ्यात वरचा नळ एकाच वेळी घेतलेले, एकाच कंपनीचे. आणि गंमत अशी की वरचा गप्प आणि खालचा असा किंचाळायचा की पहाटे आई उठून पाणी काढायला लागली की माझी झोप गेलीच.

आवाजाचं नीट बघितलं तर नळ बंद असताना काही नाही, पूर्ण उघडला तरी काही नाही, फक्त पाण्याचा नेहमीचा आवाज. शिट्टी यायची ती मधल्या टप्प्यात, साधारण पाव ते अर्ध्या फिरकीत. त्यावेळी मुठीवर हात ठेवला तर बोटांना झिणझिण लागायची, आणि मूठ न फिरवता नुसती खाली दाबली किंवा वर ओढली की सूर बदलायचा, कधी एकदम थांबायचा. हे बघून ठेवा, कारण नुसत्या पाण्याच्या वेगाचा आवाज असेल तर मूठ दाबून त्यात फरक पडत नाही. फरक पडला म्हणजे आत काहीतरी हलतंय.

आत होतं काय तर या नळात खालून पाणी वर येतं, तिथे पितळेचा गोल काठ असतो, त्याला सीट म्हणतात, आणि वरून जम्परच्या चकतीला लावलेला वायसर त्या काठावर बसतो. नळ थोडा उघडला की वायसर आणि सीट यांच्यात कागदाच्या जाडीची फट पडते आणि टाकीचा सगळा दाब त्या एवढ्याशा फटीतच खर्च होतो. आमचा खालचा नळ टाकीतल्या पाण्यापेक्षा साधारण नऊ मीटर खाली आहे, म्हणजे हिशेबानं फटीतून पाणी सेकंदाला १३ मीटरच्या आसपास वेगानं निघतं, ताशी ४८ किलोमीटर. वरच्या नळावर टाकी जेमतेम तीन मीटर उंच, तिथे हाच वेग ताशी २८ च्या आसपास. कागदावरचा हिशेब आहे, घर्षण धरलं तर थोडं कमीच येईल, पण खालच्या नळाला ओरडायला जोर जास्त का मिळतो ते यात आलं.

आता वेग आहे म्हणून शिट्टी वाजतेच असं नाही. पाणी जोरात निघतं तिथे दाब कमी होतो, दाब कमी झाला की ढिला वायसर सीटकडे ओढला जातो, फट अजून बारीक होते, पाणी अडतं, मग मागचा दाब त्याला परत वर ढकलतो, परत ओढला जातो, आणि हे सेकंदाला शेकडो वेळा चालतं. पिपाणीतली पाती थरथरते तसंच. वायसर घट्ट असेल तर तो हलूच शकत नाही, मग कितीही वेग असो, सळसळ येईल पण सूर नाही लागणार. आणि नळ पूर्ण उघडला की फट मोठी होते, वायसर सीटपासून लांब जातो, ओढाताण संपते, म्हणून तेव्हा शांत.

माझा पहिला संशय सीटवर होता, कारण मधे बरेच दिवस बोअरचं पाणी वापरलं होतं आणि त्याचे पांढरे थर सगळ्या नळांवर आहेतच. सीट खराब की वरचा भाग खराब हे ठरवायला काही सामान लागलं नाही, दोन सारखे नळ होते ना. टाकीचा व्हॉल्व्ह बंद केला, दोन्ही नळ उघडे ठेवून पाइपातलं पाणी जाऊ दिलं आणि दोघांची हेडं, म्हणजे मुठीसकट वरचा सगळा भाग, काढून अदलाबदल केली. खालचा नळ गप्प झाला, आणि वरचा, जो कधी बोलला नव्हता, तो हळू आवाजात शिट्टी मारायला लागला. म्हणजे दोष हेडमध्ये, खालची सीट निर्दोष. हेड काढताना आणि बसवतानाही मूठ आधी पूर्ण उघडी फिरवून घ्या, नाहीतर पान्हा मारताना वायसर सीटवर चिरडतो. आणि पान्ह्याच्या जबड्यात फडकं धरा, पितळेवरची चकाकी जाते नाहीतर.

हेड हातात घेऊन कानाजवळ हलवलं तर टक टक वाजत होतं. जम्परचा दांडा मुठीबरोबर फिरणाऱ्या स्पिंडलच्या भोकात बसतो, तो इतका ढिला झाला होता की चकती बोटानं डावी-उजवी डोलायची. वायसरला मधोमध सीटची गोल खाच पडलेली, एका बाजूला जास्त खोल, म्हणजे तो तिरका बसत होता, आणि काठाचं रबर इतकं कडक की नख रुतत नव्हतं. आणि वायसर धरणारा तो छोटा नट बोटांनीच फिरला. वायसर त्या नटाखाली स्वतःभोवती गोल फिरत होता, मोकळा!

पहिल्या वेळी नुसता वायसर बदलला तो जवळच्या दुकानातला, काळा, थोडा मऊ. लगेच शांतता. पण मऊ रबर नटाखाली दबतं, दबलं की नट परत ढिला, आणि जम्परचं डोलणं तर होतंच तसंच. मग शिट्टी परत आली, आधीपेक्षा जाड आवाजात. प्लंबरची एक युक्ती आहे, जम्परच्या दांड्याला दोरा किंवा टेफ्लॉन टेप गुंडाळून भोकात दाबून बसवायचा. चालते, पण टेप काही दिवसांत घासून निघते आणि तिचे तुकडे नळाच्या तोंडाच्या जाळीत अडकतात, मला तरी आवडली नाही.

मग सियागंजच्या बाजारात गेलो, जुना जम्पर आणि हेड दोन्ही खिशात घालून. हे महत्त्वाचं आहे, कारण अर्ध्या इंचाचा म्हटलं तरी दांड्याची जाडी कंपनीगणिक वेगळी असते आणि नुसतं सांगून आणलेला जम्पर बहुतेक वेळा ढिलाच निघतो. दुकानदारानं डबा उपडा केला, मी एकेक जम्पर हेडमध्ये घालून बघत बसलो, जो हातानं आत जातो पण उलटं धरलं तरी आपोआप पडत नाही तो घेतला. वायसर चपटा, जरा कडक, चकतीच्या काठाच्या बाहेर न येणारा. चकतीपेक्षा मोठा वायसर घेऊ नका, लोंबता काठ परत थरथरतो. नट घट्ट करून त्याच्या वर आलेल्या आट्यावर पकडीनं हलकासा दाब दिला की तो आपणहून सुटत नाही. सगळं मिळून खर्च शंभराच्या आतच, नवा नळ याच्या कितीतरी पट.

आता वापरानंतरचं. दिवाळीच्या साफसफाईत एकदा मुद्दाम हेड काढून बघितलं. वायसरवर खाच पडलीय पण उथळ आणि सगळीकडून सारखी. नट जागचा हललेला नाही. जम्पर थोडा सैल वाटला, पण डोलत नाही. मूठ बंद करायला आधीसारखा जोर लागत नाही हा आणखी एक फायदा, आईचं म्हणणं तेवढंच की "आता बोटं दुखत नाहीत."

राहिलं ते सूंऽऽ. त्याला सूर नाही, मूठ दाबून बदलत नाही, पाणी फटीतून वेगानं जाण्याचा तो आवाज आहे आणि नऊ मीटर दाबावर तो येणारच. भिंतीतला स्टॉप कॉक अर्धा बंद केला की आवाज कमी होतो असं सगळे सांगतात, मी करून बघितलं, अर्धवट खरं आहे. नळ बराच उघडा असेल आणि पाणी भरपूर वाहत असेल तेव्हा स्टॉप कॉक बराच दाब खातो आणि नळ शांत होतो. पण नळाची बारीक धार सोडली की स्टॉप कॉकमधून जाणारं पाणीच इतकं थोडं असतं की तो काहीच दाब खात नाही, सगळा दाब परत नळाच्या फटीवर. म्हणून बारीक धारेचं सूंऽऽ त्यानं जात नाही. शिवाय स्टॉप कॉकच्या पोटात पण हाच वायसर आणि हाच जम्पर असतो, तो झिजला असेल तर अर्धा बंद केल्यावर शिट्टी भिंतीतून येते आणि माणूस नळच उघडून बघत बसतो. ओळखायचं असेल तर नळ पूर्ण उघडा ठेवून स्टॉप कॉक हळूहळू बंद करत जा, मधेच सूर लागला तर गुन्हेगार तो.

ज्यांच्या हेडमध्ये काही ढिलं नाही आणि तरी आवाज आहे, शिवाय नवा वायसर घालून पण टपटप थांबत नाही, त्यांनी सीट बघावी. पाणी बंद करून टॉर्च मारा, कान साफ करायची कापसाची काडी काठावरून गोल फिरवा, जिथे कापूस अडकेल तिथे खड्डा किंवा क्षाराचा खडा. क्षार लाकडी काडीनं निघतो. खड्डा असेल तर सीट घासायचं हत्यार मिळतं, प्लंबरकडे पण असतं, हलक्या हातानं थोडेसेच वेढे द्यायचे आणि थांबून बघायचं, कारण आपल्याकडच्या बहुतेक नळांत सीट नळाच्याच ओतकामातली असते, जास्त घासली की संपलं, मग नवा नळच. काही नळांत सीट आट्यांची, वेगळी निघणारी असते, ती सैल झाली तर पाणी आट्यांतून शिरतं आणि नवा वायसर घालूनही गळत राहतं. आत षटकोनी किंवा चौकोनी भोक दिसलं तर ती तशी सीट, चावीनं आवळून बघा.

स्वयंपाकघरात आम्ही मधे पाव फिरकीचा सिरॅमिकचा नळ लावला, त्यात वायसर-जम्पर नाहीच म्हणून ही शिट्टी पण नाही. पण पाणी आलं की आधी गढूळ येतं त्यातली वाळू चकत्यांना चालत नाही, आणि तो बिघडला की आतलं कार्ट्रिज अख्खं बदलावं लागतं, तेही त्याच कंपनीचं शोधून. बाथरूमला मी तरी जुना फिरकीचाच ठेवणार. वरच्या नळाचं हेड परत वर गेलंय, त्याचा जम्पर पण थोडा डोलतो असं अदलाबदलीत दिसलं होतं, अजून बोलत नाही एवढंच, त्याच्यासाठी एक सेट आणून ठेवलाय.