संध्याकाळी अंडकोषात जडपणा येतो: थांबायचं, डॉक्टरकडे जायचं, की ऑपरेशन करायचं?

सकाळी उठल्यावर काही जाणवत नाही. दुपारनंतर डाव्या बाजूला कुणीतरी खाली ओढतंय असं वाटायला लागतं आणि संध्याकाळपर्यंत ते ओढणं ठसठसीत बदलतं. घरी येऊन पाठीवर पडलं की पंधरा-वीस मिनिटांत बरं वाटतं. ज्यांचा त्रास नेमका असा आहे, त्यांच्या मनात पहिला संशय व्हेरिकोसीलचा यायला हवा. वृषणाकडून वर रक्त नेणाऱ्या शिरा फुगतात, त्या अवस्थेला व्हेरिकोसील म्हणतात. साधारण 15 टक्के पुरुषांत त्या फुगलेल्या असतात. त्यातल्या बहुतेकांना आयुष्यभर काहीच त्रास होत नाही, थोड्यांनाच दुखतं.

हा त्रास संध्याकाळी का वाढतो हे समजलं की पुढचे निर्णय सोपे होतात. या शिरांमध्ये रक्त खाली येऊ नये म्हणून छोट्या झडपा असतात. त्या नीट बंद होत नसतील, तर उभं असताना रक्त गुरुत्वाकर्षणाने खाली साठत जातं, शिरा ताणल्या जातात आणि जडपणा येतो. आडवं झालं की साठलेलं रक्त ओसरतं. डावी शीर उजवीपेक्षा लांब असते आणि ती मूत्रपिंडाच्या शिरेला जवळपास काटकोनात जाऊन मिळते. उजवी थेट पोटातल्या मोठ्या शिरेत तिरकी शिरते. डावीकडे दाब जास्त पडतो, म्हणून हा त्रास बहुतेक वेळा डावीकडेच दिसतो.

आधी घरी एकदा तपासा, पण योग्य वेळी

सकाळी तपासून उपयोग नाही, कारण तेव्हा शिरा रिकाम्या असतात. संध्याकाळी गरम पाण्याने अंघोळ करा, म्हणजे अंडकोषाची पिशवी सैल पडते, आणि मग उभं राहून तपासा. वृषणाच्या वरच्या बाजूला जी दोरीसारखी नळी जाते, ती अंगठा आणि दोन बोटांत हलकेच धरा. दुसऱ्या बाजूची तशीच धरून तुलना करा. आता श्वास रोखून शौचाला जोर लावतो तसा जोर लावा. बोटांखाली मऊ, वळवळत्या गांडुळांचा गुंता भरून आल्यासारखं वाटलं, तर व्हेरिकोसीलची शक्यता मोठी आहे. मग दहा मिनिटं पाठीवर आडवे व्हा आणि तीच जागा पुन्हा चाचपा. गुंता मावळलेला असायला हवा. ही शेवटची पायरी बरेच जण गाळतात, आणि खरं तर सगळ्यांत महत्त्वाची तीच आहे. ती का, ते पुढे येईल.

वृषणाच्या मागच्या बाजूला एक मऊसर उंचवटा लागेल. तो तिथे असतोच, त्याला गाठ समजून घाबरू नका. चिंतेची गाठ असते ती वृषणालाच चिकटलेली, खड्यासारखी कडक, आणि बहुतेकदा न दुखणारी. त्यामुळेही नुसता जडपणा येऊ शकतो. अशी गाठ लागली तर पुढचं काही न वाचता त्याच आठवड्यात डॉक्टरांकडे जा.

व्हेरिकोसील की हर्निया?

गल्लत होते ती मुख्यतः या दोघांत, कारण हर्नियाही दिवसभर उभं राहून वाढतो आणि आडवं झाल्यावर आत जातो. फरक जागेवरून आणि स्पर्शावरून कळतो. हर्नियाचा फुगवटा जांघेतून सुरू होऊन खाली उतरतो. खोकलं की तो हाताला धक्का देतो, आणि त्याच्या वरची कड बोटांना सापडत नाही, कारण तो पोटातूनच आलेला असतो. व्हेरिकोसीलचा गुंता वृषणाच्या लगेच वर असतो आणि स्पर्शाला गुळगुळीत फुग्यापेक्षा दोऱ्यांच्या गुंडाळीसारखा लागतो. हर्नियाचा फुगवटा आत जायचा बंद झाला, दुखायला लागला आणि उलट्या सुरू झाल्या, तर आतडं अडकलेलं असू शकतं. ती रात्रीच दवाखाना गाठण्याची वेळ आहे.

पाणी भरल्यामुळे येणारी सूज, म्हणजे हायड्रोसील, आडवं झाल्यावर फारशी कमी होत नाही, तीही या कसोटीवर वेगळी पडते. जंतुसंसर्ग असेल तर बहुधा ताप किंवा लघवीला जळजळ असते आणि वृषणाच्या मागे हात लावू देत नाही इतकं दुखतं. त्यात एक-दोन दिवसांत औषध सुरू व्हायला हवं.

किती घाई करायची

तासाभरात किंवा अचानक जोरात दुखायला लागलं, मळमळ आली, वृषण वर ओढल्यासारखं किंवा आडवं झाल्यासारखं दिसलं, तर वृषणाला पीळ पडलेला असू शकतो. रक्तपुरवठा बंद पडल्यावर साधारण सहा तासांच्या आत पीळ सोडवला तर वृषण वाचण्याची शक्यता चांगली असते, त्यानंतर ती झपाट्याने घटते. गोळी घेऊन सकाळची वाट पाहू नका.

घाई नाही, पण टाळायचंही नाही, असे तीन प्रसंग आहेत. फुगलेल्या शिरा फक्त उजव्या बाजूला असणं, चाळिशीनंतर त्या नव्याने आणि झपाट्याने दिसणं, आणि दहा मिनिटं आडवं पडूनही त्या न मावळणं. आडवं होऊन पुन्हा चाचपायला सांगितलं ते यासाठीच. नेहमीच्या व्हेरिकोसीलमध्ये दोष झडपांचा असतो, म्हणून आडवं झालं की रक्त निघून जातं. ते जात नसेल तर वर पोटात, मूत्रपिंडाजवळ एखादी गाठ शिरेवर दाब देत असेल किंवा शिरेत शिरली असेल, हे पाहावं लागतं. अशा वेळी पिशवीच्या सोनोग्राफीबरोबर पोटाचीही तपासणी होते. बहुतेकांच्या तपासणीत काही निघत नाही, तरी ती करून घ्यावी.

बाकीच्यांनी सवडीने, पण येत्या दोन-तीन आठवड्यांत एकदा सर्जन किंवा युरोलॉजिस्टला दाखवावं. तपासणी उभं राहूनही झाली पाहिजे. संकोचामुळे फक्त टेबलावर झोपून तपासून घेतलं, तर शिरा रिकाम्या झालेल्या असतात आणि निदान निसटतं. डॉपलर सोनोग्राफीत साधारण 3 मिलिमीटरपेक्षा जाड शिरा आणि जोर लावल्यावर उलटं वाहणारं रक्त दिसलं की निदान पक्कं होतं. मात्र हाताला लागत नाही आणि फक्त सोनोग्राफीत दिसतं, अशा व्हेरिकोसीलवर ऑपरेशन करून सहसा फायदा होत नाही. रिपोर्टमधला शब्द वाचून ऑपरेशनची तारीख ठरवू नका.

आधार देऊन थांबणं

फक्त दुखणं हीच तक्रार असेल तर इथूनच सुरुवात करावी. पिशवीला वर उचलून धरणारा सपोर्टर किंवा घट्ट बसणारी ब्रीफ सकाळी, जडपणा यायच्या आधीच घाला. संध्याकाळी दुखायला लागल्यावर घातली तर रक्त आधीच साठलेलं असतं आणि उपयोग अर्धाही होत नाही. रात्री ती काढून ठेवा. उभ्याचं काम असेल तर दर दोन तासांनी दहा मिनिटं बसा, शक्य असेल तर पाय वर घेऊन. आयबुप्रोफेनसारखी गोळी कधीतरी, जेवणानंतर घ्यायला हरकत नाही. पण अल्सर, मूत्रपिंडाचा आजार किंवा रक्त पातळ करण्याची औषधं असतील तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय नाही.

हा प्रयोग चार ते सहा आठवडे नीट करायचा आणि रोज संध्याकाळी ठरावीक वेळी दुखण्याला शून्य ते दहामध्ये गुण लिहायचे. समजा, 29 वर्षांच्या एकाचं काम रोज नऊ तास उभ्याचं आहे. संध्याकाळी सातचा त्याचा गुण पहिल्या आठवड्यात 5 किंवा 6 असतो, वीस मिनिटं आडवं झाल्यावर 1. सहाव्या आठवड्यात तो 2 वर आला, तर ऑपरेशनचा विषय बाजूला ठेवता येतो. 5 वरच राहिला, पण आडवं झाल्यावर अजूनही 1 होतो, तर दुखणं शिरांमुळेच असल्याची खात्री वाढते आणि ऑपरेशनने फरक पडण्याची आशाही. उलट, त्याची नोंद सांगत असेल की दुखणं सकाळीही तेवढंच आहे, टोचतं, कमरेतून खाली येतं, तर सोनोग्राफीत व्हेरिकोसील दिसलं तरी दुखण्याचं मूळ कंबर, जांघ किंवा मूतखड्यात असू शकतं. असा माणूस ऑपरेशन करून तसाच दुखत राहतो. मला या साध्या वहीचं मोल डॉपलरइतकंच वाटतं.

आता याच माणसाची एक गोष्ट बदला: वर्षभर प्रयत्न करूनही मूल राहत नाही. मग दुखणं 2 वर आलं तरी थांबणं पुरेसं नाही. वीर्यतपासणी दोनदा करायची, प्रत्येक वेळी आधी दोन ते सात दिवस वीर्यपात न होऊ देता. जोडीदाराची तपासणीही सोबतच. बाईचं वय 35 च्या पुढे असेल तर वर्षाऐवजी सहा महिन्यांतच हे सुरू करावं. शिरा हाताला लागतात आणि रिपोर्ट बिघडलेला आहे, अशा वेळी ऑपरेशनला खरा आधार मिळतो. वाढत्या वयाच्या मुलात डावं वृषण उजव्यापेक्षा पाचव्या हिश्शाहून अधिक लहान राहत असेल, तरी तोच विचार करतात.

सूक्ष्मदर्शकाखालचं ऑपरेशन की शीर आतून बंद करणं

ऑपरेशनमध्ये जांघेजवळ दोन-तीन सेंटिमीटरचा छेद घेतात आणि सूक्ष्मदर्शकाखाली फुगलेल्या शिरा एकेक बांधतात. रक्त आणणारी धमनी आणि लसिकावाहिन्या मात्र वाचवतात. लसिकावाहिन्या बांधल्या गेल्या तर काही महिन्यांनी पाणी साठून हायड्रोसील होतो. धमनी दुखावली तर वृषण आक्रसू शकतं, हे विरळ असलं तरी गंभीर आहे. अनुभवी हातात शिरा पुन्हा फुगण्याचं प्रमाण एक-दोन टक्क्यांच्या आसपास राहतं. दुर्बिणीच्या ऑपरेशनमध्ये हायड्रोसील आणि पुनरावृत्ती दोन्ही थोडी जास्त असतात. म्हणून सर्जनला सरळ विचारा: सूक्ष्मदर्शक वापरणार का, आणि अशी ऑपरेशनं नियमित करता का?

दुसरा मार्ग एम्बोलायझेशनचा. मानेतल्या किंवा जांघेतल्या शिरेतून बारीक नळी एक्स-रे बघत वृषणाच्या शिरेपर्यंत नेतात आणि तारेची वेटोळी सोडून ती आतून बंद करतात. पिशवीजवळ छेद नाही, पूर्ण भूल लागत नाही, हायड्रोसील जवळपास होत नाही आणि एक-दोन दिवसांत कामावर जाता येतं. पण काहींच्या शिरेत नळी पोहोचतच नाही, विशेषतः उजवीकडे, आणि पुनरावृत्ती सूक्ष्मदर्शकाच्या ऑपरेशनपेक्षा जास्त दिसते. आधीचं ऑपरेशन फसलं असेल तर मात्र हा मार्ग सरस ठरतो, कारण जुन्या व्रणातून पुन्हा वाट काढावी लागत नाही.

ऑपरेशननंतर हलकं काम काही दिवसांत जमतं, वजन उचलणं दोन ते चार आठवडे बंद. नीट निवडलेल्या रुग्णांत दहापैकी आठांचं दुखणं जातं किंवा स्पष्ट कमी होतं. बांधलेल्या शिरा काही महिने गाठीसारख्या हाताला लागतात, त्याला अपयश समजू नका. वीर्याचा रिपोर्ट तीन महिन्यांच्या आत करण्यात अर्थ नाही, कारण शुक्राणू तयार व्हायला सुमारे 74 दिवस लागतात. तीन महिन्यांनंतरही संध्याकाळचा गुण तोच राहिला, तर वही घेऊन त्याच डॉक्टरांकडे परत जा.