पहिला हप्ता सहा महिन्यांनी: पलंग आणि कपाट चौदा महिने वापरल्यावर

2024 च्या दसऱ्याला नाशिकमधल्या एका फर्निचरच्या दुकानातून आम्ही हायड्रॉलिक पलंग आणि तीन दारांचं कपाट घेतलं. दुकानाबाहेर मोठा फलक होता, ‘आज घरी न्या, पहिला हप्ता सहा महिन्यांनी, व्याज शून्य टक्के’. दोन्ही मिळून किंमत 1,02,000 रुपये. दरमहा 8,500 चे बारा हप्ते, पहिला एप्रिल 2025 मध्ये आणि शेवटचा मार्च 2026 मध्ये. प्रोसेसिंग फी जीएसटी धरून 1,180 रुपये, ती मात्र त्याच दिवशी भरायची. आजवर नऊ हप्ते गेलेत, तीन राहिलेत.

आधी वस्तूंबद्दल. पलंग उत्तम आहे. गॅसचे पंप अजून दमदार आहेत, गादीसकट फळी एका हाताने उचलली जाते. कपाटाने मात्र पहिल्याच पावसाळ्यात त्रास दिला. ते पार्टिकल बोर्डचं आहे, म्हणजे लाकडाचा चुरा डिंकात दाबून केलेली फळी, वरून लॅमिनेट. आमच्या खोलीत त्याची एक बाजू बाथरूमच्या भिंतीला लागून आहे. ऑगस्टमध्ये खालच्या कडेची पट्टी नखाएवढी सुटलेली दिसली. बोटाने दाबलं तर आतला बोर्ड ओल्या भाकरीसारखा मऊ लागला, आणि कोपरा फुगल्यामुळे दार जमिनीला घासायला लागलं. अशा फळीला एकदा पाणी लागलं की ती वाळल्यावरही मूळ जाडीवर येत नाही. दुकानाचं म्हणणं, ओल लागली तर वॉरंटी नाही. मी हप्ता थांबवायचं म्हटलं, तर फायनान्सवाल्यांनी सांगितलं की कर्जाचा करार वेगळा, कपाटाचा आणि आमचा संबंध नाही, खात्यातून हप्ता आपोआप कापायचं मँडेट परत गेलं तर बाउन्सचे पैसे लागतील. शेवटी सुताराकडून कपाटाला खाली पीव्हीसीचे पाय बसवून घेतले आणि भिंतीपासून चार बोटं पुढे ओढलं. तेव्हापासून फुगणं वाढलेलं नाही.

आता पैशाबद्दल, कारण मुख्य सांगायचं ते तेच आहे.

खरेदीनंतर महिन्याभराने माझ्या धाकट्या दिरांनी त्याच दुकानात त्याच दोन वस्तूंचा भाव विचारला. हप्त्यांचं नावही काढलं नाही. आधी 92,000 सांगितले. ते उठायला लागले तशी हाक आली, “दादा, रोख देताय ना? मग 84 ला करून टाकू.” म्हणजे जी वस्तू रोखीत 84,000 ला मिळते, तीच मला 1,02,000 ला पडली. मधले 18,000 हेच व्याज. ते किमतीत मिसळलेलं होतं, एवढाच फरक.

मी दुकानात जाऊन हे विचारलं. तिथला मुलगा शांतपणे म्हणाला, “ताई, 84 वर 18 म्हणजे साधारण 21 टक्के, तेही दीड वर्षाला. वर्षाचे 14 टक्केच झाले.” हा हिशोब बरोबर वाटतो, पण त्यात एक चूक आहे. 84,000 पूर्ण दीड वर्ष माझ्याकडे राहतच नाहीत. सहाव्या महिन्यापासून मी दर महिन्याला परत करते आहे. पहिला हप्ता सहाव्या महिन्यात, शेवटचा सतराव्यात, म्हणजे सरासरी पैसे साडेअकरा महिनेच वापरायला मिळतात. 21.4 टक्के साडेअकरा महिन्यांचे, तर वर्षाचे 22 च्या वर. ही पद्धत ढोबळ आहे, पण दुकानात उभं राहून मोबाइलवर करता येते.

नेमका दर हवा तर एक्सेलमध्ये पहिल्या खान्यात 84000 लिहा, त्याखाली पाच शून्यं, त्याखाली बारा वेळा -8500, आणि हे सूत्र द्या:

```
=IRR(A1:A18)*12
```

उत्तर येतं वर्षाला 20.6 टक्के. पहिल्या दिवशी दिलेले 1,180 वजा करून वर 82820 लिहिलं तर 22.1 टक्के. क्रेडिट कार्डाची थकबाकी याहून महाग असते, पण बँकेचं साधं वैयक्तिक कर्ज आम्हाला याहून बरंच स्वस्त पडलं असतं.

सहा महिन्यांच्या सवलतीची किंमत मी वेगळी काढून पाहिली, आणि मला सगळ्यात जास्त धक्का तिथेच बसला. याच दराने पहिला हप्ता पुढच्याच महिन्यात सुरू झाला असता तर तो 7,806 रुपयांचा बसला असता. आम्ही 8,500 देतो. फरक 694, बारा महिन्यांचे जवळजवळ 8,300. दुसऱ्या बाजूने बघा. एप्रिलमध्ये पहिला हप्ता कापला जायच्या क्षणी, एक रुपयाही न भरता, 84,000 चे साधारण 93,000 झालेले होते. एकूण 18,000 पैकी निम्मं व्याज आम्ही निवांत असताना चढलं. ‘सहा महिने काही द्यायचं नाही’ हे वाक्य ऐकताना मला वाटलं होतं की त्या काळाचं व्याज नसेल.

कागदावर हे का दिसत नाही, हेही समजून घ्या. 1 ऑक्टोबर 2024 पासून मंजूर होणाऱ्या अशा कर्जांना रिझर्व्ह बँकेने ‘की फॅक्ट स्टेटमेंट’ सक्तीचं केलं आहे, त्यात फी धरून वार्षिक दर लिहावा लागतो. माझ्या कागदावर तो 1.2 टक्के आहे. तो खोटा नाही. कर्जाची रक्कमच 1,02,000 धरली, तर फक्त फीचा भार उरतो आणि दर तेवढाच येतो. रोखीचा भाव त्या कागदावर कुठेच नसतो. याच रिझर्व्ह बँकेने सप्टेंबर 2013 मध्ये बँकांना लिहिलं होतं की शून्य टक्के व्याज अशी गोष्टच अस्तित्वात नाही. तेव्हा रोखीचा भाव आपण बाहेरून मिळवायचा, आणि तो हप्त्यांचा विषय काढण्याआधी. फॉर्म भरायला घेतल्यावर विचारलं तर “तोच भाव आहे” असं उत्तर येतं.

आणखी एक गोष्ट मला उशिरा कळली. दिवाळीच्या बोनसमधून उरलेले सगळे हप्ते एकदम भरून मोकळं व्हावं म्हणून मी फोन केला. साध्या कर्जात लवकर भरलं की पुढचं व्याज वाचतं. इथे उत्तर मिळालं की व्याज शून्य आहे, त्यामुळे सूट कसली? उरलेले हप्ते गुणिले 8,500, पूर्ण. किमतीत मुरलेलं व्याज परत निघत नाही. म्हणून मी बोनस तसाच बचत खात्यात ठेवला आणि हप्ते त्यांच्या वेळेला जाऊ देते आहे.

खरेदीच्या वेळी आमच्याकडे एक लाखाची मुदत ठेव होती. ती मोडायची नव्हती, म्हणून तर या योजनेकडे वळलो. पण ठेवीवर 8 टक्क्यांनी कर्ज घेऊन असेच सहाव्या महिन्यापासून बारा हप्त्यांत फेडलं असतं, तर व्याज साडेसहा हजारांच्या आसपास गेलं असतं आणि ठेवही जागेवर राहिली असती.

हप्ते प्रत्येक वेळी टाळावेत असं माझं म्हणणं नाही. त्याच 8 टक्क्यांनी मोजलं तर 8,500 चे ते बारा हप्ते खरेदीच्या दिवशीच्या साधारण साडेचौऱ्याण्णव हजारांएवढे भरतात. दुकानदार रोखीतही त्याखाली आलाच नसता, तर मी हप्त्यांनीच घेतलं असतं. तो 84,000 वर आला होता, फक्त विचारायला आम्ही महिनाभर उशीर केला.